तीनशे साठ पिक्सेलांची रुंदी

सकाळी ८:३०

आजचं काम एका दूध संघाचं. पश्चिम महाराष्ट्रातला हा संघ गावोगावच्या संस्थांकडून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करतो. किती लिटर आलं, फॅट-एसएनएफ किती लागलं, बल्क कूलरचं तापमान काय, ही सगळी माहिती मुख्य कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावरच्या डॅशबोर्डवर दिसते. आता तोच डॅशबोर्ड मार्गावर फिरणाऱ्या सुपरवायझरांना फोनवर हवा आहे.

आधी जुनं पान फोनवर उघडून पाहिलं. अख्खं पान दिसतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत. पानाच्या डोक्यात `viewport` ची ओळ नसली, तर फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो, त्याच मापाने मांडणी करतो आणि मग सगळं आक्रसून पडद्यात बसवतो. सुपरवायझरांकडच्या बहुतेक फोनांची रुंदी ब्राउझरच्या हिशेबाने ३६० पिक्सेल आहे. म्हणजे १४ पिक्सेलचं अक्षर पाचेक पिक्सेलचं होतं. वाचायचं तर दोन बोटांनी मोठं करायचं आणि मग डावी-उजवीकडे सरकवत राहायचं.

त्यावर उपाय एका ओळीचा आहे:

```html
<meta name="viewport"
      content="width=device-width, initial-scale=1">
```

ही ओळ घातली की पान खऱ्या ३६० पिक्सेलमध्ये उभं राहतं आणि खरी अडचण उघडी पडते. मोठ्या पडद्यावर तीन स्तंभ होते. इथे प्रत्येकाच्या वाट्याला १२० पिक्सेलही येत नाहीत. वरच्या पट्टीत तालुका, मार्ग, केंद्र, जनावर आणि तारीख असे पाच फिल्टर आहेत. त्याखाली नकाशा, महिन्याचा रेषालेख, केंद्रवार स्तंभालेख आणि नऊ रकान्यांचा तक्ता. यातलं काय खाली उतरवायचं, कोणत्या क्रमाने आणि काय अजिबात आणायचं नाही, हे ठरवण्यात आजचा दिवस जाणार.

सकाळी १०:००

सकाळचं संकलन आटोपून सुपरवायझर मोकळे होतात ती ही वेळ. वीसेक गावांचा मार्ग सांभाळणाऱ्या एका अनुभवी सुपरवायझरांना फोन लावला. "डॅशबोर्डवर काय हवं?" असं विचारलं तर माणूस सौजन्याने "सगळंच द्या" म्हणतो. म्हणून मी वेगळं विचारलं, "आज सकाळी सहा ते नऊ या वेळात तुम्ही कुणाकुणाला फोन केले आणि कशासाठी?"

उत्तर सरळ आलं. पहिला फोन बल्क कूलरवर, टाकीचं तापमान विचारायला. मग दोन संस्थांच्या सचिवांना, कारण टँकर निघायची वेळ झाली आणि त्यांचे आकडे आले नव्हते. त्यानंतर कार्यालयातून त्यांनाच फोन आला, मार्गाचं एकूण दूध किती म्हणून. फॅट कुठे घसरलं ते त्यांनी निवांत, चहा घेताना पाहिलं. नकाशा? "मॅडम, गावं कुठं हायत ते मला ठावं हाय की."

कार्डांचा क्रम इथेच ठरला. दहा मिनिटं उशिरा कळलं तर नुकसान होईल ते सगळ्यात वर आणि निवांत पाहिलं तरी चालेल ते खाली. टाकीचं तापमान, आकडे न आलेली केंद्रं, एकूण संकलन, फॅट-एसएनएफची घसरण आणि शेवटी महिन्याचा कल, अशी पाच कार्डं.

संघाच्या व्यवस्थापकांना एकूण लिटरचा आकडा सर्वांत वर हवा होता. त्यांना कळवलं की त्यांच्या मोठ्या पडद्यावर तो वरच राहील. फोनच्या पडद्यासमोर मात्र वेगळा माणूस उभा आहे आणि एकूण आकडा कळल्यावर त्याला लगेच करण्यासारखं काही नाही. टाकी तापल्याचं कळलं तर आहे. त्यांना ते पटलं.

बोलता बोलता सुपरवायझरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी सांगितली नसती तर पहिलंच कार्ड फसवं झालं असतं. मी विचारलं होतं, "तापमान चारच्या वर गेलं की लाल दाखवू का?" ते म्हणाले, "टाकी सहावर हाय म्हंजे बिघडलीय असं न्हवं. ताजं दूध वतलं की चढतंच. उतराय लागलंय का ते बघायचं."

म्हणजे नुसता आकडा पुरेसा नाही, त्याची दिशाही हवी. शिवाय तो आकडा कधीचा आहे हेही हवं, कारण टाकीवरच्या यंत्राचं नेटवर्क गेलं तर तासाभरापूर्वीचे ४ अंश आत्ताचे वाटतात. म्हणून प्रत्येक टाकीच्या ओळीत तीन गोष्टी ठरल्या: "६.२°", "उतरतंय", "८ मिनिटांपूर्वी". चारच्या वर आहे आणि उतरतही नाही, किंवा वाचन फारच जुनं आहे, तेव्हाच ओळ लाल होणार.

सकाळी ११:३०

आता कागद, पेन्सिल आणि पट्टी. संगणकावर थेट मांडायला बसलं की पडदा हवा तेवढा लांबवता येतो आणि उंचीचं भान सुटतं. कागदावर ३६० रुंद चौकट काढली. दोन्ही बाजूंना १६-१६ समास सोडले की कार्डाला ३२८ पिक्सेल रुंदी मिळते. कार्डाच्या आत पुन्हा १६-१६ सोडले की मजकुराला २९६. त्यापुढे दिवसभर हा २९६ चा आकडाच सगळं ठरवत होता.

उंचीचा हिशेब असा. वरची स्थितीपट्टी, ब्राउझरचा पत्त्याचा रकाना आणि खालची बटणं वजा जाता या फोनांवर सुमारे ६४० पिक्सेल उरतात. पानाच्या माथ्यावर मार्गाचं नाव आणि सकाळ-संध्याकाळची कळ, ५६. या मार्गावर दोन बल्क कूलर आहेत, म्हणून पहिल्या कार्डात शीर्षकाचे ४० आणि ५६ च्या दोन ओळी, एकूण १५२. राहिलेल्या केंद्रांच्या कार्डात शीर्षक आणि तीन ओळी, २०८. एकूण संकलनाचं कार्ड १३२. चारही जागी १२ ची फट. बेरीज ५९६ होते. म्हणजे फोन हातात घेतल्याक्षणी तातडीची तिन्ही कार्डं सरकवल्याशिवाय दिसतात आणि चौथ्या कार्डाचा ४४ पिक्सेलचा माथा खालून डोकावतो.

तो डोकावणारा माथा मी मुद्दाम ठेवते. पडद्याची कड दोन कार्डांमधल्या फटीवर नेमकी आली, तर पान तिथेच संपलं असं वाटतं आणि माणूस खाली जातच नाही. कार्ड मध्येच कापलं गेलेलं दिसलं की अंगठा आपोआप वर सरकतो. "खाली आणखी आहे" अशी पाटी लावावी लागत नाही.

राहिलेली केंद्रं तीनपेक्षा जास्त असतील तर पहिली तीन आणि खाली "आणखी ४". एकही राहिलं नसेल तरी कार्ड गायब करायचं नाही, त्यात "सगळी केंद्रं आली" एवढं लिहायचं. कार्ड कधी दिसलं, कधी नाही असं झालं तर खालची कार्डं रोज नव्या ठिकाणी सापडतात. शिवाय रिकाम्या जागेचे दोन अर्थ होतात. काही राहिलेलं नाही, की माहितीच आली नाही? नेटवर्क अधूनमधून जाणाऱ्या गावात हा फरक कार्डाने स्पष्ट सांगायला हवा.

एकूण संकलनाच्या कार्डात आजच्या आकड्याखाली तुलना आहे, ती सकाळची सकाळशी. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधात मुळातच फरक असतो. सकाळचं दूध आदल्या संध्याकाळशी ताडून पाहिलं तर रोज चढ-उतार दिसेल आणि त्याचा अर्थ काहीच नसेल.

दुपारी १२:३०

कागदावरून कोडमध्ये. फोनवर कार्डं एकाखाली एक येतात ती एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या क्रमानेच. म्हणून क्रम लिहायचा तो फोनचा, आणि मोठ्या पडद्यावर तीच कार्डं सीएसएस ग्रिडने हव्या त्या जागी बसवायची. पुष्कळदा उलट केलेलं दिसतं. मोठ्या पडद्याच्या क्रमाने लिहायचं आणि फोनवर `order` वापरून वर-खाली करायचं. डोळ्यांना ते ठीक दिसतं, पण पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि कीबोर्डची टॅब-कळ मूळ लिहिलेल्या क्रमानेच चालतात. ज्याला ऐकून वापरायचं आहे त्याच्यासाठी टाकीचं तापमान पुन्हा तळाला जातं.

```css
.cards {
  display: grid;
  grid-template-columns: minmax(0, 1fr);
  gap: 12px;
  padding: 12px 16px;
}
@media (min-width: 900px) {
  .cards {
    grid-template-columns: repeat(3, minmax(0, 1fr));
  }
}
```

यात `minmax(0, 1fr)` आहे, नुसतं `1fr` नाही. नुसत्या `1fr` चा स्तंभ आतल्या मजकुराच्या किमान रुंदीपेक्षा बारीक होत नाही. एखाद्या कार्डात न मोडणारा रुंद तक्ता असला की तो स्तंभालाच ताणतो, स्तंभ पानाला ताणतो आणि बाकीची सगळी कार्डंही पडद्याबाहेर जातात. याची खूण फोनवर लगेच कळते. पान वर-खाली सरकवताना ते डावी-उजवीकडेही हलतं. संगणकावर तपासायचं तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `document.documentElement.scrollWidth` आणि `document.documentElement.clientWidth` हे दोन आकडे पाहायचे. पहिला मोठा निघाला तर काहीतरी बाहेर पडलं आहे. किमान शून्य दिलं की स्तंभ जागेवर राहतो आणि दोषी तक्ता एकटाच बाहेर डोकावतो, त्यामुळे तो सापडतो.

दुपारी २:००

जेवणानंतर काढायचं काम. माझ्याबरोबर आलेख करणारी सहकारी बसली. आम्ही जुन्या पानावर बोटाने किंवा माउसने करता येणाऱ्या सगळ्या क्रियांची यादी केली आणि एकेकीला विचारलं, "मार्गावर उभ्या माणसाला हिचं काय काम?"

सर्वांत आधी टूलटिप गेले. माउस आलेखावर नेला की आकडा दिसतो ती ही सोय. बोटाला "वर नेणं" जमत नाही, ते टेकतं किंवा टेकत नाही. सहकारी म्हणाली, "टॅप केल्यावर दाखवूया." मग आम्ही हिशेब केला. महिन्याच्या रेषालेखात २९६ पिक्सेलमध्ये तीस दिवस, म्हणजे एका दिवसाला दहाच्याही आत. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार बोटासाठीची जागा किमान ४८ असावी, ॲपलच्या मते ४४. एका टॅपखाली पाच दिवस येतात. त्यातला कुठला दिवस हवा ते बोट सांगू शकत नाही. म्हणून रेषा फक्त आकारासाठी ठेवली आणि तिच्यावर दोनच आकडे थेट छापले, आजचा आणि महिन्यातला सगळ्यात कमी. बाकी दिवसांचे आकडे ज्याला हवेत तो ते कार्यालयात पाहतो.

मग नकाशा. तो सुपरवायझरांना नकोच होता, पण व्यवस्थापकांच्या फोनसाठी ठेवावा असा एक विचार होता. नकाशाची फोनवरची खरी अडचण अशी की तो बोट अडवतो. पान खाली सरकवायला अंगठा नेमका नकाशावर पडला, तर पानाऐवजी नकाशाच सरकतो आणि माणूस तिथेच अडकतो. दोन बोटं लावली तरच नकाशा हलेल अशी सोय करता येते, गूगल मॅप्समध्ये त्यासाठी `gestureHandling: "cooperative"` अशी खूण आहे. पण फोन धरायला एकच हात मोकळा असेल तर दोन बोटं आणायची कुठून? नकाशा गेला.

स्वतःच्या चौकटीत वेगळा सरकणारा तक्ताही याच कारणाने गेला. पानाचं सरकणं आणि तक्त्याचं सरकणं एकमेकांत अडकतं. त्याजागी घसरण झालेली तीन केंद्रं आली. प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्याच गेल्या दहा दिवसांच्या सरासरीशी आहे, कारण दुधाचा हिशेबही दहा दिवसांचा होतो. खाली "सर्व केंद्रं" ही ओळ आहे आणि ती वेगळं पान उघडते. वेगळं पान असल्याने फोनची मागे जाण्याची कळ नेहमीसारखी चालते आणि परत आल्यावर माणूस होता त्याच जागी असतो.

आता स्तंभालेख. मोठ्या पडद्यावर त्यातल्या एका स्तंभावर क्लिक केलं की बाकी सगळे चौकोन त्या केंद्रापुरते बदलतात, आणि तिथे ते डोळ्यांसमोर घडतं. फोनवर मात्र चौथ्या कार्डात टॅप केल्यावर वरचं कार्ड बदललं तर ते पडद्याच्या बाहेर बदलतं. वर गेलेल्या माणसाला एकूण दूध अचानक दोनशे लिटर दिसतं आणि का ते कळत नाही. चुकीचा आकडा कार्यालयात सांगितला जायला एवढं पुरेसं आहे. ही जोडणी पूर्ण तोडली. एका कार्डाने दुसऱ्या कार्डाचा आकडा बदलायचा नाही, हा फोनसाठीचा आमचा नियम.

शेवटी पाच फिल्टर. तालुका आणि मार्ग सुपरवायझरच्या लॉगिनवरूनच कळतात, ते विचारायचे कशाला? केंद्र निवडायला ओळींची यादी आहेच. गाय-म्हैस एकाच कार्डात शेजारी-शेजारी दाखवता येतं. तारखेसाठी सुपरवायझर फोन उघडत नाहीत. उरली फक्त सकाळ-संध्याकाळ, आणि तीही वेळ पाहून आपोआप लागते. हवं तर कळ दाबून बदलायची.

एका गोष्टीला मात्र हात लावला नाही. क्रिया कमी करण्याच्या नादात काही जण `user-scalable=no` लिहून दोन बोटांनी पान मोठं करणंही बंद करतात. ज्याची नजर अधू आहे त्याचा तो मोठा आधार असतो. पानाने स्वतःच्या क्रिया कमी कराव्यात, वापरणाऱ्याच्या फोनच्या नव्हे.

दुपारी ३:३०

अक्षरं आणि आकडे. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार लागतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या १.२ च्या ओळींत ते एकमेकांना टेकतात. ओळीची उंची १.५ केली. कार्डांना पक्की उंची दिली नाही, फक्त `min-height` दिली. पक्की उंची दिली आणि गावाचं नाव दोन ओळींवर गेलं, तर दुसरी ओळ अर्धी कापली जाते.

आकड्यांसाठी एक निर्णय घ्यावा लागला. ब्राउझरला `mr-IN` सांगितलं की तो स्वल्पविराम लाख-हजारांच्या पद्धतीने देतो आणि अंकही देवनागरी देतो. पण संकलन केंद्रावरच्या यंत्राची पावती इंग्रजी अंकांत छापली जाते, आणि सुपरवायझर पावती व पडदा शेजारी धरून ताडून पाहतात. अशा वेळी दोन्हीकडे एकच अंक हवेत. म्हणून `mr-IN-u-nu-latn` लिहिलं. मजकूर मराठी, स्वल्पविराम आपले, अंक पावतीसारखे.

दुसरं काम जागा राखून ठेवण्याचं. आकडे येण्याआधी कार्ड बुटकं आणि आल्यावर उंच, असं झालं तर बोट खाली येईपर्यंत ओळ सरकते आणि भलतीच दाबली जाते. म्हणून माहिती येण्याआधीच प्रत्येक कार्ड आपल्या अंदाजे उंचीची रिकामी चौकट घेऊन उभं राहतं. ब्राउझरच्या साधनांत नेटवर्क मुद्दाम मंद करून पाहिलं. पहिली दोन कार्डं आधी भरली, रेषालेख शेवटी आला, मध्ये काहीही हललं नाही.

संध्याकाळी ५:३०

संध्याकाळच्या संकलनाला एका गावी गेलो. संस्थेसमोर किटल्या घेऊन रांग, आत फॅट मोजणारं यंत्र चालू. सुपरवायझरांच्या फोनवर नवं पान उघडून दिलं. काय कुठे आहे ते सांगितलं नाही, फक्त कामं सांगितली. "कुठलं केंद्र राहिलंय?" "टाकी ठीक आहे का?" "फॅट कुठे पडलं?" आणि मग नजर त्यांच्या अंगठ्यावर ठेवली, कारण तोंडाने माणूस बहुधा "चांगलं आहे" असंच म्हणतो.

पहिली दोन उत्तरं पान न सरकवता आली. तिसऱ्यासाठी अंगठा एकदा वर सरकला आणि घसरलेल्या केंद्राच्या ओळीवर बरोबर पडला. पण मधे ते टाकीच्या मोठ्या आकड्यावर दोनदा टॅप करून थांबले. काही उघडेना. तो आकडा ठळक आणि किंचित उठावदार होता, त्यामुळे तो बटण वाटला. ठरवलं की जे उघडतं त्याच ओळीच्या शेवटी बाण असेल, आणि जे उघडत नाही ते पूर्ण सपाट.

दुसरी गोष्ट उन्हाने दाखवली. पश्चिमेकडून तिरपं ऊन पडद्यावर आलं आणि "८ मिनिटांपूर्वी" हे फिकट करड्या रंगातलं वाक्य दिसेनासं झालं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं ४.५ ला १ हे रूढ किमान प्रमाण त्याने पाळलं होतं, तरी उन्हात ते टिकलं नाही. तो मजकूर जवळजवळ काळा करायचा. लाल-हिरवा रंगही उन्हात ओळखू येत नव्हता, पण "चढतंय" आणि "उतरतंय" हे शब्द वाचता येत होते. रंगासोबत शब्द ठेवल्याचा इथे उपयोग झाला.

तिथेच दुसऱ्या एका सुपरवायझरांचा फोन मागून घेतला. त्यांनी अक्षरं खूप मोठी करून ठेवलेली. गाय आणि म्हैस यांचे आकडे मी शेजारी-शेजारी बसवले होते, प्रत्येकाला दीडशेच्या आसपास पिक्सेल. त्यांच्या फोनवर "म्हैस" खाली लिटरचा आकडा दोन ओळींत तुटला. संगणकावरच्या चौकटीत हे दिसलं नसतं. जोडी मोडून दोन्ही आकडे एकाखाली एक घ्यायचे.

आणि एक मागणी आली. राहिलेल्या केंद्राचं नाव पाहून सुपरवायझर पानाबाहेर गेले, फोनच्या यादीत सचिवांचं नाव शोधलं आणि फोन लावला. परत आल्यावर म्हणाले, "मॅडम, इथनंच फोन लागला तर लई बरं हुईल." त्या कार्डातल्या ओळीवर टॅप करून उघडावं असं काही नव्हतंच, कारण त्या केंद्राची माहितीच आलेली नाही. मग त्या ओळीची एकमेव क्रिया म्हणजे फोन. `tel:` चा दुवा दिला की नंबर भरलेला डायलर उघडतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय कॉल जात नाही, त्यामुळे चुकून बोट लागलं तरी भीती नाही. दिवसभर आम्ही क्रिया काढत होतो, त्यात ही एक वाढली, आणि ती रास्त आहे. माहिती कळल्यावर माणूस पुढे जे करणार आहे, त्याला पानावर जागा मिळायलाच हवी.

रात्री ८:००

परत येऊन चार दुरुस्त्या केल्या: बाण, गडद मजकूर, मोडलेली जोडी आणि फोनचा दुवा. गाय-म्हैस एकाखाली एक आल्याने तिसरं कार्ड ४० पिक्सेल उंच झालं आणि चौथ्याचा डोकावणारा माथा चारच पिक्सेलांवर आला. तो पुन्हा दिसावा म्हणून टाकीच्या आणि केंद्रांच्या कार्डांची शीर्षकं ४० वरून २८ वर आणली आणि चारही फटी १२ वरून ८ वर. त्यातून ४० पिक्सेल परत मिळाले. ओळींच्या ५६ ला हात लावला नाही. दूध लागलेल्या ओल्या बोटांसाठी ती उंची लागतेच.

आता पानावर चारच गोष्टी करता येतात: सरकवणं, सकाळ-संध्याकाळ बदलणं, ओळ उघडणं आणि फोन लावणं. मोठ्या पडद्यावरचं पान जसंच्या तसं आहे. व्यवस्थापक तिथे स्तंभावर क्लिक करून सगळे चौकोन बदलू शकतात, कारण तिथे टेबल आहे, माउस आहे आणि वेळ आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. दोन मार्गांची तुलना करायची असेल, एखाद्या केंद्राचं फॅट तीन महिने का घसरतंय ते शोधायचं असेल, तर एकाखाली एक रचलेली कार्डं उपयोगाची नाहीत. तुलनेसाठी दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात आणि ३६० पिक्सेलमध्ये ते होत नाही. तसलं काम फोनवर आणायचा हट्ट धरू नये.

तुम्हीही फोनसाठी डॅशबोर्ड करायला घेणार असाल, तर मोठं पान उघडून त्यातलं काय बसतं ते शोधत बसू नका. तो फोन ज्याच्या हातात असणार आहे त्याला विचारा, आज सकाळी त्याने कुणाला आणि कशासाठी फोन केले. पहिली तीन कार्डं त्या उत्तरातून निघतील. बाकीच्यांपैकी ज्याच्यामुळे त्याला काही करावं लागत नाही, ते कार्यालयातल्या पडद्यावर राहू द्या.